गाडीतून उतरलं कोण?

‘गाडीतून उतरणाऱ्या मावशीच्या मुलाला मी हाक मारली.’ या वाक्यात अडखळावं असा एकही शब्द नाही. तरीही गाडीतून उतरलं कोण, मावशी की तिचा मुलगा, हे त्या वाक्यावरून ठामपणे सांगता येत नाही. दोन्ही अर्थ सरळ आहेत आणि बोलताना आपण त्यातला एक धरून पुढे जातो. दुसरा अर्थ होता हे पुष्कळदा लक्षातही येत नाही.

भाषाविज्ञानाच्या प्राथमिक अभ्यासक्रमात साधारण पहिल्याच सत्रात तीन गोष्टी शिकवल्या जातात: स्वनिम, रूपिम आणि वाक्याची वृक्षाकृती. पाठ्यपुस्तकात त्यांची प्रकरणं वेगळी असतात, परीक्षेत प्रश्नही वेगळे येतात, त्यामुळे विद्यार्थी तिन्ही गोष्टी तीन कप्प्यांत ठेवून मोकळे होतात. मला हा क्रम सोयीचा वाटतो, पण त्यातून एक गोष्ट निसटते. मावशीच्या मुलाचं हे कोडं वाक्यरचनेचं दिसतं. त्याचं मूळ मात्र एका प्रत्ययात आहे, आणि तो प्रत्यय समजून घ्यायचा तर आवाजापासून सुरुवात करावी लागते.

तेव्हा आधी तोंडाने म्हणून पाहू: मावशीचा, मावशीची, मावशीच्या. सावकाश म्हटलं तर पहिल्या शब्दातला ‘च’ आणि पुढच्या दोन शब्दांतला ‘च’ एक नाहीत हे जिभेला कळतं. ‘चा’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकतं आणि ‘त्स’सारखा आवाज निघतो. ‘ची’ आणि ‘च्या’ म्हणताना जिभेचा पसरट भाग टाळूला लागतो. लिहिताना आपण दोन्हीकडे एकच अक्षर काढतो आणि बोलताना न चुकता दोन वेगळे आवाज काढतो. हिंदी मुलखातून आलेला माणूस मराठी बोलू लागला की पहिल्यांदा इथेच ओळखू येतो.

आता वर्गातला पहिला खरा प्रश्न असा: हे आवाज दोन आहेत हे ठीक, पण मराठी भाषेच्या हिशोबात ते दोन आहेत का? तोंडातून निघणाऱ्या प्रत्येक वेगळ्या आवाजाला स्वन म्हणतात. त्यातले जे आवाज शब्दाचा अर्थ बदलू शकतात, तेच त्या भाषेचे स्वनिम. ‘पंखा’तला अनुस्वार आणि ‘संत’मधला अनुस्वार म्हणताना जीभ वेगळ्या ठिकाणी असते. एकीकडे ती मागे पडजिभेकडे उचलली जाते, दुसरीकडे दातांना लागते. पण हा फरक आपण करत नाही, तो पुढच्या ‘ख’ने आणि ‘त’ने करून घेतलेला असतो. म्हणून तर दोहोंसाठी एक टिंब पुरतं. शेजारच्या आवाजावरून ज्याचा अंदाज बांधता येतो, असा फरक अर्थ बदलण्याच्या कामाचा नसतो.

कसोटी साधी आहे. बाकी सगळं तंतोतंत सारखं आणि फक्त तेवढा आवाज वेगळा, अशी शब्दांची जोडी शोधायची. अर्थ बदलला की स्वनिम दोन. मराठी वर्गात यासाठी ‘जग’ हा शब्द हाताशी असतो. ‘जग फार मोठं आहे’ यातला ‘जग’ टाळूचा, आणि ‘तू सुखाने जग’ यातला ‘जग’ दातांजवळचा. ‘चार गाई’ आणि ‘गाईंना गवत चार’ यांतले दोन ‘चार’ तसेच, आणि ‘जरा थांब’मधला ‘जरा’ व म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’ही तसाच. शेजारपाजारचे आवाज सारखे आहेत, तेव्हा फरक शेजाऱ्याने घडवलेला नाही. म्हणजे आपल्या वर्णमालेत ज्यांच्यासाठी स्वतंत्र अक्षर नाही असे हे दोन वेगळे स्वनिम आहेत.

मग ‘मावशीचा’ आणि ‘मावशीची’ यांचं काय? तिथे अर्थ बदलण्याचं काम ‘च’ करत नाही, शेवटचा स्वर करतो. ‘च’ फक्त स्वराच्या मागे जातो. ‘ई’ किंवा ‘य’ पुढे आला की जीभ आधीच टाळूकडे सरकते आणि ‘त्स’चा पसरट ‘च’ होतो. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतही तेच घडतं. अस्सल घरगुती मराठी शब्दांपुरतं पाहिलं तर हा फरक बराचसा असा आपोआप ठरतो. पण संस्कृतातून ‘जग’, ‘चंद्र’, ‘चरित्र’ असे शब्द टाळूचा उच्चार घेऊनच आले. ‘चार’ची गोष्ट तर आणखी गमतीची आहे. जुन्या लिखाणात हा आकडा ‘च्यार’ असा लिहिलेला सापडतो. ‘य’मुळे तिथला ‘च’ टाळूचा होता. पुढे ‘य’ झिजून गेला, पण त्याने लावलेलं वळण तसंच राहिलं आणि ते अर्थ वेगळे ठेवण्याच्या कामी आलं.

लिपी आणि स्वनिम यांची अशी फारकत ठिकठिकाणी दिसते. ‘श’ आणि ‘ष’ ही अक्षरं दोन, पण आजच्या बोलीत बहुतेकांचा आवाज एकच. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत लिहिताना फरक करायचा असतो, ऐकताना तो कळत नाही. मराठीत इ-ई आणि उ-ऊ यांची लांबी बहुधा शब्दातल्या जागेवरून ठरते. ‘पूर’ म्हणताना ऊ आपसूक लांबतो, ‘पुरात’ म्हणताना आपसूक आखूड होतो. ‘वर’ आणि ‘वार’ यांतल्या अ-आची गोष्ट वेगळी, तिथे अर्थच बदलतो, आणि म्हणून अ-आची चूक शाळेतलं पोरही क्वचितच करतं. ऱ्हस्व-दीर्घाचे गुण मात्र भल्याभल्यांचे जातात, कारण जो फरक कानाने जपलेलाच नाही तो हाताने लक्षात ठेवावा लागतो. शुद्धलेखनाच्या वहीत लाल शाई सांडणाऱ्यांनी हे एकदा ध्यानात घ्यायला हरकत नाही.

आणि स्वनिम मोजताना कुणाची मराठी मोजतो आहोत हेही विचारावं लागतं. ‘मन’ आणि ‘मण’ ही जोडी ‘ण’ला स्वनिम ठरवते खरी, पण ‘पानी’, ‘कोन आला’ असं बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी ते दोन्ही शब्द सारखेच होतात. त्याच्या बोलीत एक स्वनिम कमी आहे, बस्स. त्याला अशुद्ध म्हणणं हा भाषाविज्ञानाच्या वर्गातला निष्कर्ष नव्हे. पहिल्या सत्रात विद्यार्थ्यांना ही गोष्ट सगळ्यात जड जाते, आणि मला वाटतं ती आवाजांच्या तक्त्यापेक्षा जास्त वेळ घेऊन शिकवावी.

आता रूपिम. अर्थाचा किंवा व्याकरणातल्या कामाचा जो सर्वांत लहान तुकडा आणखी तोडता येत नाही, तो रूपिम. काही पुस्तकांत याला पदिम म्हणतात. तोडायचं कुठे याचा नियम असा की तुकडा दुसऱ्या शब्दांतही तेच काम करताना सापडला पाहिजे. ‘उतरणाऱ्या’ घ्या. ‘उतर’ हा ‘उतरला’, ‘उतरू’ यांत आहे. ‘णार’ हा ‘बसणारा’, ‘खाणारी’ यांत आहे. उरला शेवटचा ‘या’. त्याच्याकडे परत यायचं आहे.

‘मावशी’ वरवर अखंड वाटते. पण शेजारी ‘मावसा’ आणि ‘मावसभाऊ’ ठेवले की ‘मावस’ हा तुकडा वेगळा निघतो आणि त्याला लागलेले ‘आ’ व ‘ई’ हे पुरुष-स्त्री दाखवणारे तुकडे दिसतात. मग ‘मावसी’ न होता ‘मावशी’ का झाली? म्हैस-म्हशी, पैसा-पैशाला, मासा-माशाला यांतही ‘स’चा ‘श’ झालेला आहे. ‘ई’ आणि ‘य’ जवळ आले की जीभ टाळूकडे जाते, ही मघाचीच खोड. ‘मावशीची’ या एका शब्दात ती दोनदा दिसते. स-श हा बदल लिपीने टिपला, दोन ‘च’मधला टिपला नाही, एवढाच फरक. ‘मावस’ आणि ‘मावश’ ही मग एकाच रूपिमाची दोन रूपं मानतात. स्वनिमांचं प्रकरण संपवून रूपिमांकडे वळलेला विद्यार्थी इथे पुन्हा मागची पानं उलटतो.

तोडताना चूक होते ती आवाज सारखा दिसला की तुकडाही तोच समजण्याची. ‘मुलाला’ आणि ‘आला’ या दोन्हींच्या शेवटी ‘ला’ आहे. पण ‘आला’चं ‘आली’, ‘आले’, ‘आल्या’ होतं. म्हणजे तिथे ‘ल’ हा भूतकाळाचा तुकडा आणि त्यापुढचा ‘आ’ पुल्लिंगी एकवचनाचा. ‘मुलाला’तलं ‘ला’ मात्र लिंगाप्रमाणे बदलत नाही. मुलीलाही ‘ला’च लागतं. ते एकसंध आहे. उलट ‘मुलाला’च्या आत एक तुकडा लपलेला आहे: मुल, मग आ, मग ला. मधला ‘आ’ एकटा काहीच सांगत नाही, तो फक्त ‘पुढे प्रत्यय येतो आहे’ अशी वर्दी देतो. शाळेत आपण याला सामान्यरूप म्हणून शिकलो. घर-घरात, देऊळ-देवळात, घोडा-घोड्याला. परभाषकाला मराठी शिकताना सगळ्यात जास्त छळतं ते हेच.

हे तुकडे आपण पाठ करतो की नियम आत्मसात करतो? जीन बर्को यांनी १९५८ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांना ‘वग’ नावाच्या काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं आणि मग तसे दोन दाखवून त्यांना काय म्हणायचं ते विचारलं. कधी न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन मुलांनी नियमाप्रमाणे केलं. मराठीत हे घरबसल्या करून पाहता येतं. कुठल्याही पाच-सहा वर्षांच्या मुलाला सांगा, हा एक टिमगा. आता असे दोन आहेत, तर दोन काय? आणि याला खाऊ द्यायचा, तर कुणाला द्यायचा? ‘टिमगे’ आणि ‘टिमग्याला’ ही उत्तरं त्याला कुणी शिकवलेली नसतात.

‘टिमग्याला’तला हा ‘या’ आणि ‘उतरणाऱ्या’तला ‘या’ एकाच कुळातले. विशेषणाला तो लागतो तेव्हा मात्र एक विशेष गोष्ट घडते. एरवी मराठी विशेषण फार बोलकं असतं. उतरणारा, उतरणारी, उतरणारं, उतरणारे: त्याच्या शेपटीवरून ते कुणाबद्दल बोलतं ते कळतं. पण नामाला प्रत्यय लागला की ही सगळी रूपं एका ‘उतरणाऱ्या’त मावतात. उतरणाऱ्या मुलाला, उतरणाऱ्या मुलीला, उतरणाऱ्या मुलांना. लिंग गेलं, वचनही गेलं. आपल्या वाक्यात मावशीपुढे ‘च्या’ आहे आणि मुलापुढे ‘ला’, म्हणजे दोघांच्याही आधी हेच रूप येणार. गाडीतून कोण उतरलं हे सांगणारी खूण नेमकी इथे पुसली गेली.

खरंखोटं पाहायचं तर मुलाचा ‘ला’ काढून टाका. ‘गाडीतून उतरणारा मावशीचा मुलगा हसला.’ आता मुलगाच उतरला. ‘गाडीतून उतरणाऱ्या मावशीचा मुलगा हसला.’ आता मावशी उतरली. मुलाला प्रत्यय नाही म्हणून त्याचं विशेषण मूळ रूपात राहिलं आणि संशय फिटला.

वृक्षाकृतीचं काम इथून सुरू होतं. शाळेतलं वाक्यपृथक्करण आठवत असेल: कर्ता, कर्म, क्रियापद, आणि ज्याच्या त्याच्या विस्तारासाठी रकाने. आपल्या वाक्यात कर्त्याच्या रकान्यात ‘मी’ जाईल, आणि ‘मुलाला’ जिथे जाईल त्याच्या विस्ताराच्या रकान्यात ‘गाडीतून उतरणाऱ्या मावशीच्या’. मावशी उतरली असली तरी हेच आणि मुलगा उतरला असला तरी हेच. रकाना शब्द ठेवून घेतो, पण त्या शब्दांतलं कोण कुणाला बांधलेलं आहे ते विचारत नाही. वृक्षात दोन-दोन घटक जोडत वर जायचं असतं, त्यामुळे तो प्रश्न टाळताच येत नाही. झाड उलटं असतं, मूळ वर आणि शब्द खाली. कागदावर जागा वाचवायची तर फांद्यांऐवजी कंसही चालतात:

[[[गाडीतून उतरणाऱ्या] मावशी]च्या मुला]ला

[[गाडीतून उतरणाऱ्या] [मावशीच्या मुला]]ला

पहिल्यात ‘गाडीतून उतरणाऱ्या’ आधी मावशीशी जोडलं जातं, आणि तो अख्खा पदबंध मग मुलाला जोडला जातो. दुसऱ्यात आधी ‘मावशीच्या मुला’ हा जोड तयार होतो आणि उतरण्याची गोष्ट त्या जोडाला लागते. पहिल्या वृक्षात विद्यार्थी हमखास फसतात, कारण ‘मावशीच्या’ हा एक शब्द म्हणून लिहिला जातो आणि तो तसाच एका फांदीला टांगला जातो. खरं तर ‘च्या’ मावशीला चिकटवून लिहितात एवढंच. तो लागतो गाडीतून उतरणाऱ्या सबंध मावशीला.

हे कंस मनाने घातलेले नाहीत हे सिद्ध करायला सर्वनामाची चाचणी असते. ज्या तुकड्याच्या जागी सर्वनाम बसतं, तो तुकडा म्हणजे एक पदबंध. ‘तिच्या मुलाला मी हाक मारली’ असं म्हटलं तर ‘ति’ने गाडीतून उतरणाऱ्या मावशीची सगळी जागा घेतली, तेव्हा वृक्ष पहिला. ‘गाडीतून उतरणाऱ्या तिच्या मुलाला मी हाक मारली’ यात ‘ति’ने फक्त मावशीची जागा घेतली आणि उतरणं बाहेर राहिलं. आता ऐकणारा मुलगाच उतरला असं समजतो, म्हणजे वृक्ष दुसरा.

दुसरी चाचणी हलवाहलवीची, आणि तिच्यात एक नवाच अर्थ हाती लागतो. ‘गाडीतून मी उतरणाऱ्या मावशीच्या मुलाला हाक मारली.’ आता गाडीत मी बसलो आहे आणि मावशी किंवा मुलगा कुठला तरी जिना किंवा टेकडी उतरतो आहे. एकदा हे दिसलं की मूळ वाक्यातही ‘गाडीतून’ हा शब्द हाक मारण्याशी जोडता येतो हे लक्षात येतं. ‘गाडीतून’ला दोन जागा, ‘उतरणाऱ्या’ला दोन जागा, म्हणजे एकाच वाक्याचे वृक्ष चार. बोलणारा आवाजाच्या चढउताराने आणि थांब्याने यातले काही बाद करतो. लिहिणाऱ्याकडे तेवढीही सोय नसते. म्हणून पोलिसांच्या पंचनाम्यात किंवा विम्याच्या अर्जात असं वाक्य आलं, तर शब्दांचा क्रम बदलून ‘मावशीचा मुलगा गाडीतून उतरत होता, त्याला’ असं तोडून लिहिणंच शहाणपणाचं.

चार वृक्ष काढून झाले तरी एक अडचण उरते. क्रियापद आणि त्याने ज्याला गाठलं तो, हे दोघे मिळून एक पदबंध होतो आणि कर्ता त्याच्या बाहेर राहतो, असं प्रास्ताविक पुस्तकं सांगतात. आपल्या वाक्यात मात्र ‘मुलाला’ आणि ‘हाक मारली’ यांच्या मधोमध ‘मी’ येऊन बसला आहे. ते दोघे जोडायला गेलं की फांद्या एकमेकींना छेदतात, आणि फांद्या छेदू द्यायच्या नाहीत हा तर वृक्षाचा पहिला नियम. नोम चॉम्स्की यांनी १९५७ च्या ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’मध्ये रूपांतरणाचे नियम मांडले, ते अशा ठिकाणी उपयोगी पडतात. ‘मी मुलाला हाक मारली’ हा मूळ क्रम धरायचा, त्याचा वृक्ष काढायचा आणि मग ‘मुलाला’ उचलून पुढे नेला असं दाखवायचं. शब्दक्रम इतका मोकळा असलेल्या भाषेत मूळ क्रम असा मानावा की नाही, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पहिल्या सत्रात तो वाद बाजूला ठेवतात.

‘हाक मारली’ हेही एका गाठीत बांधून मोकळं होता येत नाही. ‘मारली’ स्त्रीलिंगी का? बोलणारा पुरुष असला तरी ‘मी हाक मारली’च म्हणतो, आणि मुलगा तर पुल्लिंगी. ‘मारली’तली ‘ई’ हाकेशी जुळते. हाक दोनदा मारली तर ‘दोन हाका मारल्या’ होतं, आणि ‘मोठी हाक मारली’ असं तिला विशेषणही चालतं. तेव्हा ‘हाक’ हा क्रियापदाचा तुकडा नाही. ते नाम आहे, आणि वृक्षात त्याला स्वतःची फांदी द्यावी लागते. ‘मदत केली’, ‘आठवण काढली’ या जोड्यांना हीच अनेकवचनाची आणि विशेषणाची चाचणी लावून पाहावी. ‘आठवणी काढल्या’ सहज म्हणता येतं, ‘मोठी मदत केली’ही म्हणता येतं, पण ‘दोन मदती केल्या’ म्हणताना जीभ अडखळते.